भाजणीचा जोडधंदा, दोघांचा

पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्याने घरातून काही सुरू करायचे ठरवले की पहिला विचार येतो तो डब्यांचा. डबे चालतात, पण रोज पहाटे उठावे लागते, आणि एक दिवस आजारी पडले तरी तीस घरची जेवणे अडतात. दिवाळीचा फराळ पैसे देतो, पण महिनाभरच. दर महिन्याला थोडे पण खात्रीचे पैसे हवे असतील आणि कामाचे दिवस आपण ठरवायचे असतील, तर थालीपिठाची भाजणी जास्त सोयीची. ती टिकते, वर्षभर खपते आणि ज्या घरात रुजते तिथून पुन्हा मागणी येते. अट एकच: प्रत्येक पुड्याची चव मागच्यासारखीच हवी.

त्यासाठी प्रमाण वजनावर ठरवायचे, वाटीवर नाही. 10 किलोच्या घाण्याचे एक चांगले प्रमाण असे: ज्वारी 3 किलो, बाजरी 2, तांदूळ दीड, हरभऱ्याची डाळ दीड, गहू 1, उडदाची डाळ पाऊण किलो आणि धने पाव किलो. यात बाजरी वाढवायचा मोह होतो, कारण खमंगपणा तिचा आणि ती स्वस्तही पडते. पण बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. भाजल्याने ते लांबते, थांबत नाही. म्हणून घरी चार दिवसांत संपणाऱ्या भाजणीत चालणारे बाजरीचे प्रमाण विकायच्या भाजणीत चालत नाही.

भाजणे हे या धंद्याचे खरे कौशल्य. प्रत्येक धान्य वेगळे आणि मंद आचेवरच भाजायचे, कारण ज्वारीला लागतो तितका वेळ धन्यांना दिला तर धने करपतात. सगळ्यात जास्त लक्ष उडदाच्या डाळीवर. ती कच्ची राहिली तर थालीपीठ चिकट होते आणि उडदाचा उग्र वास राहतो. जास्त झाली तर पूर्ण घाणा कडसर लागतो. रंग फिकट बदामी झाला आणि दाताखाली डाळ कटकन तुटली की उतरवायची. उतरवल्यावर कढईतच ठेवू नये, कारण तापलेल्या लोखंडात ती पुढेही भाजत राहते. लगेच परातीत पसरावी.

दळणाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. गिरणीत आधी कोणी मसाला किंवा डाळी दळल्या असतील तर तो वास आपल्या पिठात येतो. म्हणून गिरणीवाल्याशी सकाळची पहिली वेळ ठरवून घ्यावी आणि सुरुवातीचे अर्धा किलो पीठ घरी वापरायला बाजूला काढावे. दळण किंचित रवाळ हवे; फार बारीक झाले तर थालीपीठ खुसखुशीत होत नाही. गिरणीतून पीठ गरम येते. ते तसेच पिशवीत भरून सील केले की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि मग कुबट वास किंवा कीड ठरलेली. पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय पुडा भरायचा नाही.

किती दिवस टिकेल हे अंदाजाने लिहू नये. सुरुवातीच्या प्रत्येक घाण्याचे तीन पुडे तारीख घालून बाजूला ठेवावेत आणि एक महिन्याने, दीड महिन्याने व दोन महिन्यांनी एकेक फोडून वास घ्यावा, थालीपीठ लावून पाहावे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निकाल वेगळा येतो. छापायची मुदत वाईट हंगामाची धरावी.

आता हिशेब. भाव गावागणिक बदलतील, म्हणून हे उदाहरण समजावे. वरच्या 10 किलो धान्याला सुमारे 600 रुपये, दळणाला 100, गॅसला 60 आणि पिशव्या-लेबलांना 90, असे 850 रुपये लागले. निवडण्या-भाजण्यात आणि गिरणीत घट होऊन हाती 9 किलो भाजणी येते, म्हणजे अर्ध्या किलोचे 18 पुडे. एक पुडा 47 रुपयांना पडला. तो 100 रुपयांना थेट विकला तर 53 सुटतात. दुकानदाराला 25 टक्के दिले तर 28.

महिन्याला 400 पुडे, निम्मे थेट आणि निम्मे दुकानातून, असे धरले तर 16,200 रुपये सुटतात. पेट्रोल, परत आलेला माल, नमुने असे दोन-सव्वादोन हजार वजा करता 14,000 च्या आसपास उरतात. ही दोघांची मिळून मजुरी आहे, हे विसरू नये. त्यासाठी महिन्यातले 15 दिवस, दर दिवशी सुमारे 15 किलो भाजावे लागते. यापेक्षा जास्त हाताने भाजायला गेले की मनगट आणि खांदा बोलू लागतात. म्हणून 400 हा आकडा मागणी बघून नाही, हाताची ताकद बघून ठरवलेला आहे.

याच हिशेबात दिसते की थेट गिऱ्हाइकाकडून दुकानाच्या जवळजवळ दुप्पट पैसे सुटतात. सोसायट्या, भिशीचे गट, जुने सहकारी यांतून महिन्याला दोन पुडे घेणारी शंभर घरे मिळाली की थेट विक्रीचा वाटा पुरा झाला. दुकानात धोका उधारीचा. आधीच्या मालाचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल ठेवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकावा.

कागदपत्रे फार नाहीत, पण टाळता येत नाहीत. एवढ्या उलाढालीला एफएसएसएआयचा मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. पुड्यावर घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, मुदत, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी मालाचे हिरवे चिन्ह हवे. गहू असल्याचे ठळक लिहावे, कारण काहींना तो चालत नाही. वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. व्यावसायिक घ्यावा लागतो.

दोघांमध्ये काम वाटताना अधिकारही वाटून घ्यावा. ज्याची जीभ चोखंदळ तो भाजणे सांभाळेल, आणि घाणा बिघडला म्हणाला तर तो बाजारात जाणार नाही, यावर वाद नाही. दुसऱ्याकडे धान्यखरेदी, गिरणी, वसुली आणि वही. उधारीला त्याने नाही म्हटले की नाही. बँकेत खाते वेगळे ठेवावे. मोठी कढई, शेगडी, काटा, सील करायचे यंत्र आणि पहिल्या महिन्याचे धान्य एवढ्यानेच सुरुवात करावी. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीला हात लावायची वेळ येत नाही.

सहा महिन्यांनी वहीत एकच गोष्ट पाहावी: पहिल्या महिन्यातल्या घरांपैकी किती अजून घेतात. निम्म्याहून जास्त टिकली असतील तर भाजणी बसली. मग त्याच घरांना मेतकूट द्यायला हरकत नाही. घरे गळत असतील, तर नवी गिऱ्हाइके शोधण्याआधी जपून ठेवलेले पुडे फोडून बघावेत.