डीपीला काय कळते?

फुलसावंगीच्या शिवारात रब्बीत रात्री लाईट आली की ऑटो स्विच लावलेले सगळे पंप एकदमच धडधडू लागतात. त्या सगळ्यांचा भार दोन खांबांवर बसवलेल्या एका डीपीवर. तिच्या पाटीवर लिहिलेले असते 63 केव्हीए, आणि शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीवर 3.7 किलोवॉट, म्हणजे 5 एचपी. दोन्ही यंत्रे तांब्यालोखंडाचीच, मग मापे वेगळी का?

याचे उत्तर ट्रान्सफॉर्मर कशाने तापतो यात आहे. तो तापतो दोन जागी. एक त्याचा लोखंडी गाभा. त्यातले चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि त्या उलथापालथीत लोखंड गरम होते. ही उष्णता ठरते व्होल्टेजवर. पंप चालू असोत की बंद, गाभा तेवढाच तापतो. दुसरी जागा वाइंडिंग. तिथली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे एकीकडे व्होल्ट, दुसरीकडे अँपिअर, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे व्होल्टअँपिअर. त्या प्रवाहाने विहिरीतले पाणी उपसले की नुसत्याच येरझारा घातल्या, हे वाइंडिंगला कळायला मार्गच नाही!

येरझारा म्हणजे काय? मोटारीला फिरायला आधी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते. त्यासाठी ती ऊर्जा घेते, आणि क्षेत्र ओसरले की परत करते. सेकंदाला शंभर वेळा हे देणेघेणे चालते. पाण्याने भरलेला टँकर गावात यावा आणि थेंबही न ओतता तसाच माघारी जावा, तसे. गावाला पाणी मिळाले नाही, पण रस्ता झिजलाच. किलोवॉट हे ओतलेल्या पाण्याचे माप, केव्हीए हे रस्त्यावरच्या भाराचे. (टँकरची उपमा ताणू नका. तारेतला प्रवाह एकच असतो, कामाचा आणि बिनकामाचा असे दोन वेगळे टँकर तिथे धावत नसतात.)

आता आकडे मांडू. 433 व्होल्टला 63 केव्हीए म्हणजे दर फेजला 84 अँपिअर. ही त्या डीपीची खरी मर्यादा. समजा तिच्यावर 5 एचपीचे दहा पंप आहेत. मोटारीची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर प्रत्येकी 5 किलोवॉट, मिळून 50 किलोवॉट. पाटीवर '63 किलोवॉट' लिहिले असते, तर आपण म्हणालो असतो, अजून 13 शिल्लक आहेत. पण पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर 50 किलोवॉटसाठी 62.5 केव्हीए लागतात, म्हणजे डीपी काठोकाठ भरली. कपॅसिटर नसलेल्या मोटारींनी तो 0.7 वर आणला की लागतात 71.4 केव्हीए आणि प्रवाह जातो 95 अँपिअरवर. पाणी तेवढेच, किलोवॉट तेवढेच, पण वाइंडिंगमधली उष्णता पूर्ण भाराच्या उष्णतेपेक्षा 28 टक्क्यांनी जास्त! याउलट प्रत्येक पंपाला योग्य कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर 0.95 केला, तर त्याच 50 किलोवॉटला 70 अँपिअर पुरतात आणि तीच उष्णता पूर्ण भाराच्या 70 टक्क्यांवर येते.

ही जादा उष्णता लगेच दिसत नाही. वाइंडिंगवरचा कागद ठिसूळ होत जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान सुमारे 6 अंशांनी वाढले की कागदाचे आयुष्य निम्मे होते. मग एखाद्या रात्री 'डीपी जळाली' असे गावभर होते.

टोकाचे उदाहरण घ्या. डीपीवर पंप न लावता नुसते शुद्ध इंडक्टर जोडले आणि 84 अँपिअर वाहू दिले. भाराचा वॉटमीटर शून्य दाखवेल, डीपी मात्र पूर्ण भाराइतकी तापेल. किलोवॉटवर विश्वास ठेवणारा म्हणेल, डीपी रिकामी आहे.

मोटारीचे तसे नाही. तिचे फळ शाफ्टवर मोजता येते, आणि तिचा पॉवर फॅक्टर हा तिच्याच घडणीचा गुण असतो. डीपी बनवणाऱ्याला मात्र पुढे कोण काय जोडणार, हे ठाऊकच नसते. म्हणून तो फक्त स्वतःच्या लोखंडाची आणि तांब्याची हमी देतो.

इथे एक खोच आहे. शिवारात व्होल्टेज पडून 380 झाले तर 84 अँपिअरमध्ये 55 केव्हीएच बसतात. पाटीवरचे 63 हे पाटीवरच्या व्होल्टेजचे. तांब्याला केव्हीएही कळत नाही, अँपिअरच कळतात. म्हणूनच वायरमन डीपीचा भार बघायला येतो तेव्हा एलटी केबलभोवती टाँग टेस्टर अडकवतो आणि आकडा 84 च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच पाहतो.