नदीवर जाण्याआधी कोरा आलेख

दहावीच्या भूगोलाचं जे पाठ्यपुस्तक 2018 साली आलं, त्याचा पहिला धडाच 'क्षेत्रभेट' आहे. त्या निमित्ताने अनेक शाळांची मुलं नदीवर, किनाऱ्यावर, बाजारात जाऊन येतात आणि प्रकल्पवही भरतात. अशा बऱ्याच वह्या मी चाळल्या आहेत. पहिल्या पानावर उद्देश असतो, 'नदीचा अभ्यास करणे'. शेवटी एखादा सुबक रंगवलेला वृत्तालेख असतो. मधल्या पानांवर पुष्कळ मेहनत असते, पण पहिलं पान आणि शेवटचं पान यांचा एकमेकांशी संबंध नसतो. काय तपासायचं हे ठरलंच नव्हतं, त्यामुळे कोणता आलेख काढायचा हे ठरवायला काही आधारच उरला नाही.

सह्याद्रीतून उतरणाऱ्या एखाद्या ओढ्याचं उदाहरण घेऊ आणि पात्रातल्या गोट्यांकडे पाहू. डोंगराजवळ पात्रात मोठे, कंगोरेदार धोंडे दिसतात. पुढे सपाटीवर गुळगुळीत, लहान गोटे दिसतात. मुलांच्या हे पटकन लक्षात येतं आणि ती लिहितात, 'नदी दगडांवर परिणाम करते.' वाक्य खरं आहे, पण ते तपासता येत नाही. ओढ्यावर काहीही आढळलं तरी ते खरंच ठरणार. म्हणून त्याची तपासण्याजोगी परिकल्पना करावी लागते.

इथे शब्दाचा एक घोटाळा दूर करायला हवा. पुष्कळ वह्यांत परिकल्पनेला 'गृहीतक' म्हटलेलं असतं. पण हीच मुलं भूमितीच्या तासाला युक्लिडची गृहीतकं शिकतात आणि ती सिद्ध न करता मान्य करायची असतात. क्षेत्रभेटीत नेमकं उलटं असतं. इथे आपण असं विधान मांडतो जे मोजमापानंतर चुकीचंही ठरू शकेल. म्हणून मी 'परिकल्पना' हाच शब्द वापरतो.

आपल्या ओढ्यासाठी ती अशी लिहिता येईल: 'ओढ्याच्या उगमापासूनचं अंतर जसजसं वाढतं, तसतशी पात्रातल्या गोट्यांची मधली लांबी कमी होते.' यात दोन राशी आहेत, अंतर आणि लांबी. दोन्हींना एकक आहे, किलोमीटर आणि मिलिमीटर. दिशाही सांगितली आहे, एक वाढली की दुसरी घटते. आणि ही परिकल्पना कधी चुकली म्हणायची तेही स्पष्ट आहे: गोटे खाली मोठे होत गेले, किंवा त्यांच्या आकारात अंतराप्रमाणे काही क्रमच दिसला नाही, तर ती चुकली.

विधान तपासण्याजोगं आहे की नाही, हे वर्गात बसूनच कळू शकतं. आलेखाच्या कागदावर दोन अक्ष काढा. आडव्या अक्षाखाली 'उगमापासून अंतर, किमी' आणि उभ्या अक्षाशेजारी 'गोट्याची मधली लांबी, मिमी' असं लिहा. बिंदू अजून एकही नाही, तरी परिकल्पना खरी ठरली तर ते डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असतील हे दिसतं. आता 'नदी दगडांवर परिणाम करते' या वाक्याचे अक्ष काढून पाहा. अक्षांशेजारी काय लिहायचं हेच सुचत नाही. कोरा आलेख काढता येत नसेल, तर अजून बसची चौकशी करू नये.

परिकल्पनेतल्या 'मधली लांबी' या शब्दांना कारण आहे. प्रत्येक गोट्याला तीन लांब्या असतात. सर्वांत लांब, सर्वांत आखूड आणि या दोन्हींना काटकोनात असलेली मधली. गोटा कोणत्या चाळणीतून पडेल हे मुख्यतः मधल्या लांबीवर ठरतं, म्हणून तीच मोजण्याची रीत आहे. हे आधी ठरलं नाही तर एक गट लांब बाजू मोजतो, दुसरा आखूड, आणि दोघांचे आकडे एका आलेखावर बसत नाहीत.

गोटा निवडायचा कसा, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. मुलांना 'तीस गोटे उचला' म्हटलं की हात हमखास गोल, देखण्या, मुठीत बसणाऱ्या दगडाकडे जातो. गॉर्डन वोलमन या अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञाने 1954 साली यावर सोपी पद्धत सुचवली. पात्रातून ठरलेल्या अंतराने पावलं टाकायची, खाली न पाहता बोट लावायचं आणि बोटाला पहिला लागेल तोच दगड मोजायचा. वोलमन एका जागी शंभर दगड घेत असे. शाळेच्या वेळात तीस जमतात. रुतलेला धोंडा उपसायचा नाही, त्याच्या दिसणाऱ्या दोन बाजूंपैकी लहान बाजू मोजायची. आणि प्रत्येक ठिकाणी जागा सारखीच हवी. एकीकडे खळाळत्या उथळ पाण्यातले आणि दुसरीकडे डोहाच्या काठचे गोटे घेतले, तर आपण अंतराचा परिणाम मोजतो की जागेचा, हे कळणार नाही.

अंतरही उडत्या कावळ्यासारखं सरळ मोजायचं नाही. 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर ओढ्याच्या वळणांवरून दोरा ठेवायचा आणि मग दोरा मोजायचा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हे काम फेब्रुवारीत, पाणी घोट्याखाली असताना करावं. पावसाळ्यात पात्रात उतरणं धोक्याचं आहे, आणि मोठे गोटे हलतात ते बहुतेक पुरातच. फेब्रुवारीत आपण मोजतो ती मागच्या पुरांनी रचून ठेवलेली मांडणी.

आता समजा, आठ ठिकाणी मोजणी झाली. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत. उगमापासून 1, 2.5, 4, 7, 9, 10, 14 आणि 18 किलोमीटरवर गोट्यांची मधली लांबी अनुक्रमे 142, 120, 125, 96, 81, 102, 64 आणि 58 मिलिमीटर निघाली. प्रत्येक आकडा तीस गोट्यांचा मध्यक आहे, सरासरी नव्हे. कारण तीसमध्ये साठऐवजी सहाशे मिलिमीटरचा एकच धोंडा आला, तर सरासरी अठरा मिलिमीटरने वर जाते. मध्यक फारसा हलत नाही.

वहीत या आकड्यांचा बहुधा स्तंभालेख निघतो. आठ ठिकाणांचे आठ स्तंभ, सगळे सारख्या अंतरावर. पण नवव्या आणि दहाव्या किलोमीटरमध्ये एकच किलोमीटर आहे, चौदाव्या आणि अठराव्यात चार. स्तंभालेखाने हा फरक पुसून टाकला, आणि आपली परिकल्पना तर अंतराबद्दलच होती. वृत्तालेख इथे पूर्णच चुकीचा आहे. तो एका पूर्ण गोष्टीचे वाटे दाखवतो, आणि आठ ठिकाणच्या लांब्यांची बेरीज म्हणजे कशाचंच पूर्ण नव्हे.

दोन्ही राशी मोजलेल्या संख्या असतील आणि त्यांचा संबंध पाहायचा असेल, तर विकीर्ण आलेख, म्हणजे स्कॅटर प्लॉट काढावा. प्रत्येक ठिकाणासाठी एक बिंदू. बिंदू एकमेकांना जोडायचे नाहीत, कारण चार आणि सात किलोमीटरच्या मध्ये गोटे केवढे होते हे आपण पाहिलेलं नाही. त्यांच्या मधून कल दाखवणारी एकच रेषा काढायची. जोडरेषा शोभते ती पात्राच्या आडव्या छेदाला. तिथे काठापासून काठापर्यंत दर अर्ध्या मीटरवर खोली मोजलेली असते आणि मधला तळही सलग असतो.

बिंदू मांडले की कल खाली जाताना दिसतो. पण सहावा बिंदू रेषेच्या बराच वर आहे. नऊ किलोमीटरवर 81 आणि पुढच्या एकाच किलोमीटरवर 102. मुलांना ही चूक वाटते आणि ती बिंदू खोडून टाकतात. खोडू नये, नकाशा पाहावा. त्या ठिकाणाच्या जरा वर डोंगरातून थेट येणारा दुसरा ओढा मिळत असेल, तर तो नव्याने तुटलेले मोठे दगड आणून टाकतो. नदीभर असं होतं. माणसामुळेही होतं. वाईजवळ कृष्णेवर धोम धरण आहे. धरणाच्या वरचे गोटे खाली येत नाहीत, म्हणून वरची आणि खालची ठिकाणं एकाच कलरेषेत धरता येत नाहीत. वाळू-गोटे उपसलेल्या पात्रातही आकड्यांचा भरवसा धरू नये.

कल खरा की योगायोगाचा, हे ठरवायला वरच्या वर्गांतली मुलं स्पिअरमनचा क्रमसहसंबंध काढू शकतात. अंतराला लहानाकडून मोठ्याकडे आणि गोट्यांना मोठ्याकडून लहानाकडे क्रम द्यायचे. प्रत्येक ठिकाणच्या दोन क्रमांतल्या फरकाचा वर्ग करून बेरीज घ्यायची. आपल्या आकड्यांत ती 8 येते, आणि त्यावरून गुणांक साधारण 0.9 निघतो. गोट्यांचे क्रम उलटे दिले असल्याने तो प्रत्यक्षात ऋण, म्हणजे उणे 0.9 आहे. आठ ठिकाणांसाठी दिशा आधी सांगितलेली असेल तर पाच टक्के पातळीला साधारण 0.64 पुरतो. सहावा बिंदू ठेवूनही परिकल्पना टिकली.

टिकली म्हणजे काय, तेवढंच लिहावं. गोटे खाली लहान होतात एवढं आपण दाखवलं. ते आपटून-घासून झिजले म्हणून लहान झाले, की मोठे दगड वरच मागे राहिले आणि पाण्याने फक्त लहान पुढे नेले, हे या आलेखातून कळत नाही. ऱ्हाईन नदीच्या गोट्यांवर हेरमान स्टर्नबर्गने 1875 साली लिहिलं आणि त्यांची घट झिजेने होते असं मांडलं. झीज किती आणि वाहून नेताना होणारी वर्गवारी किती, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. आपल्याकडे एक सोय आहे. सह्याद्रीतला दगड बहुतेक बेसॉल्टच आहे, त्यामुळे खडक बदलल्याची शंका कमी राहते. तरी सच्छिद्र बेसॉल्ट घट्ट काळ्या पाषाणापेक्षा लवकर झिजतो, ही नोंद वहीत असावी.

झिजेबद्दलच विचारायचं असेल तर परिकल्पना बदलते: 'अंतर वाढतं तसं गोलसर गोट्यांचं प्रमाण वाढतं.' गोलाई मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. 1953 साली पॉवर्सने दिलेल्या चित्रांशी ताडून गोटा अति कंगोरेदार ते अति गोलसर अशा सहा वर्गांत टाकतात. परिकल्पना बदलली की माहितीचा प्रकार बदलला आणि त्याबरोबर आलेखही. आता प्रत्येक ठिकाणचे तीस गोटे सहा वर्गांत वाटले गेले आहेत, म्हणजे इथे खरोखरच एका पूर्णाचे वाटे आहेत. तरीही आठ वृत्तालेखांपेक्षा आठ शतमान स्तंभालेख बरे, कारण वर्तुळाच्या कापांपेक्षा शेजारी उभ्या स्तंभांतले रंग डोळा सहज ताडून पाहतो. ते ओढ्याच्या क्रमाने मांडावेत आणि प्रत्येकाखाली किलोमीटर लिहावेत.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या क्षेत्रभेटीला निघताना प्रत्येक गटाच्या वहीत अक्ष आणि एककं लिहिलेला कोरा आलेख आहे का, ते पाहा. आणि परत आल्यावर एखादा बिंदू रेषेबाहेर पडला, तर त्या ठिकाणाच्या वरच्या अंगाला, पहिला उपओढा लागेपर्यंत, मुलांना एकदा चालवत न्या.