नळी तेवढीच, रायफल वीतभर आखूड

भारतीय लष्कराने वर्षानुवर्षे वापरलेली इन्सास रायफल 960 मिलिमीटर लांब आहे आणि तिची नळी 464 मिलिमीटरची. नौदलाचे मार्कोस आणि लष्कराच्या पॅरा तुकड्यांमधले कमांडो वापरतात त्या इस्रायली टॅव्हर टीएआर-21 ची नळी 460 मिलिमीटरची. म्हणजे फरक जेमतेम 4 मिलिमीटरचा. पण टॅव्हरची एकूण लांबी 720 मिलिमीटरच भरते. नळी जवळपास तेवढीच असताना रायफल चांगली वीतभर आखूड झाली.

ही वीत वाचली ती मांडणीमुळे. नेहमीच्या रायफलीत पुढून मागे अशी रांग असते: नळी, तिच्या मुळाशी बोल्ट आणि मॅगझिन, त्यामागे चाप आणि पकडायची मूठ, आणि शेवटी खांद्याला टेकवायचा दस्ता. बुलपप मांडणीत चाप आणि मूठ उचलून पुढे, नळीच्या मध्याजवळ आणली जातात. बोल्ट आणि मॅगझिन चापाच्या मागे, थेट दस्त्याच्या पोटात जातात. दस्ता काढून टाकता येत नाही, कारण खांद्याला टेकायला काहीतरी लागतेच. मग तिथली रिकामी जागा यंत्राला द्यायची, एवढीच ही युक्ती.

हा खटाटोप करायचा तर मग नळीच कापून छोटी का करू नये? तेही करतात. अमेरिकेची एम-4 कार्बाइन म्हणजे जवळपास तेच: एम-16 ची 508 मिलिमीटरची नळी तिच्यात 368 मिलिमीटरवर आली. पण गोळीला वेग मिळतो तो नळीतून पुढे सरकताना, मागून रेटणाऱ्या वायूच्या दाबामुळे. नळी कमी झाली की तो रेटा लवकर सुटतो. नाटोच्या 5.56 मिलिमीटरच्या गोळीचा परिणाम बराचसा तिच्या वेगावरच अवलंबून असल्याने लांब पल्ल्यावर ही घट जाणवते. पूर्ण लांबीची नळी ठेवून चिलखती गाडीच्या दारातून, हेलिकॉप्टरमधून किंवा घराच्या अरुंद जिन्यावरून सहज वावरता यावे, हा बुलपपचा सगळा उद्देश. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग, फ्रान्सची फामास आणि ब्रिटनची एल-85 या तिन्ही रायफली 1970 आणि 80 च्या दशकांत सैन्यांत आल्या. पायदळ चिलखती गाड्यांत बसून रणांगणावर पोहोचेल, हे त्या काळी युरोपात गृहीतच धरलेले होते.

त्यातली एल-85 नीट पाहण्यासारखी आहे, कारण या मांडणीचा फायदा आणि तिची किंमत दोन्ही तिच्यात ठळक दिसतात. तिच्याआधी ब्रिटिश सैनिकाच्या हाती 1143 मिलिमीटर लांबीची एसएलआर होती. 1985 मध्ये आलेली एल-85 भरली 785 मिलिमीटर. नळी मात्र 518 मिलिमीटरची, म्हणजे एम-16 पेक्षाही किंचित मोठी. वजन काही त्या प्रमाणात घटले नाही. दुर्बीण आणि भरलेले मॅगझिन लावल्यावर ती पाच किलोच्या आसपास जाते. आखूड म्हणजे हलकी, असे समीकरण इथे बसत नाही.

पहिली किंमत चापाची. साध्या रायफलीत चाप आणि हातोडा अगदी शेजारी असतात. बोट मागे येते, अडसर सुटतो, हातोडा पिनवर आदळतो. बुलपपमध्ये बोट पुढे आणि हातोडा मागे, गालाखाली. मधले अंतर एका लांब पट्टीने किंवा सळईने जोडावे लागते. जुन्या सायकलींना तारेऐवजी सळयांचे ब्रेक असत, तसाच हा प्रकार: मूठ दाबली की आधी सांध्यांमधली ढील भरून निघायची, मग सळई सरकायची आणि मग कुठे ब्रेक लागायचा. चापाच्या पट्टीचेही तसेच. ती घासते, जराशी वाकते, सांध्यात थोडी सैल असते. त्यामुळे ओढ जड आणि चिकट लागते, आणि अडसर नेमका कुठल्या क्षणी सुटणार हे बोटाला स्पष्ट कळत नाही. नेमबाजाला तर तो क्षणच कळायला हवा असतो. तो कळला नाही की बोट झटका देते आणि नेम हलतो.

यावर उपाय आहेत. पट्टी ढकलण्याऐवजी ओढली जाईल अशी रचना केली तर ती वाकत नाही. भाग अधिक गुळगुळीत घासले तर घर्षण कमी होते. अमेरिकेत नागरी बाजारात विकल्या जाणाऱ्या टॅव्हरसाठी हलक्या चापाचे तयार संच स्वतंत्रपणे मिळतात, यावरूनच मूळ चापाबद्दलची तक्रार लक्षात यावी. आणखी सुधारणा होत राहतील, पण जोडपट्टी पुरती नाहीशी करता येणार नाही. दोनशे-तीनशे मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्यावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाला तिचा फारसा अडथळा होत नाही; लांबवर अचूक नेम धरणाऱ्याला होतो.

दुसरी किंमत रिकाम्या पुंगळीची, आणि ती चापापेक्षा जड. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो आणि तापलेली पितळी पुंगळी बाजूच्या खिडकीतून फेकतो. साध्या रायफलीत ही खिडकी चेहऱ्याच्या बरीच पुढे असते, त्यामुळे रायफल कुठल्याही खांद्यावर घेतली तरी पुंगळी सहसा मोकळी निघून जाते. बुलपपमध्ये खिडकी गालापाशीच येते. उजव्या खांद्यावरून झाडले तर पुंगळी उजवीकडे उडते, काही अडचण नाही. रायफल डाव्या खांद्यावर घेतली की तीच खिडकी थेट तोंडासमोर. एल-85 मध्ये तर बोल्टला जोडलेला खटकाही उजव्या बाजूला आहे आणि प्रत्येक गोळीबरोबर तो मागे-पुढे धावतो. म्हणून ब्रिटिश सैन्यात डावखुऱ्या जवानालाही ती उजव्या खांद्यावरूनच चालवायला शिकवले.

प्रश्न केवळ डावखुऱ्यांचा नाही. उजवा हात असलेला सैनिक भिंतीच्या उजव्या कडेने डोकावला तर रायफल आणि एक डोळा, एवढाच भाग उघडा पडतो. तीच भिंत डाव्या कडेने ओलांडायची असेल तर रायफल डाव्या खांद्यावर घेणे सुरक्षित. एल-85 वाल्याला ती सोय नाही. डोके आणि अर्धी छाती बाहेर काढल्याशिवाय त्याला नेमच धरता येत नाही. ज्या रायफलीचे आखूडपण घरादारांत आणि गल्लीबोळांत कामी यायचे, तिथेच ती एका बाजूला अडते.

रायफलींच्या रचनाकारांनी यावर डोके बरेच लढवले. ऑगमध्ये डावा बोल्ट बसवून खिडकीवरचे झाकण उजव्या बाजूला हलवता येते. टॅव्हरलाही दोन्हीकडे खिडक्या आहेत. पण हा बदल रायफल उघडून करावा लागतो, चालू चकमकीत नव्हे. बेल्जियमच्या एफएन कंपनीने एफ-2000 मध्ये निराळा मार्ग काढला. तिच्यात पुंगळी बाजूला न फेकता एका नळकांड्यातून पुढे नेली जाते आणि नळीच्या तोंडाकडच्या बाजूला अलगद बाहेर पडते. खांदा कुठलाही चालतो. मात्र पुंगळी अडकली तर आतले यंत्र बाहेरून नीट दिसत नाही. शिवाय खिडकी कुठेही असली तरी गोळीचे घर गालाजवळच राहते. आवाज, धूर आणि गरम वायू नाकाशी जाणवतात, आणि आवाज दाबणारा सप्रेसर लावला तर मागे येणारा वायू आणखी वाढतो.

तिसरी गोष्ट तोलाची, आणि इथे तोट्याबरोबर फायदाही आहे. बोल्ट, स्प्रिंग आणि मॅगझिन मागे गेल्याने वजन खांद्याजवळ येते. पुढच्या हाताला कमी भार पेलावा लागतो, रायफल पटकन वळते आणि दुसऱ्या हाताने दार उघडायचे असेल तर एका हातातही तोलली जाते. नळीखाली ग्रेनेड लाँचर जोडला तर पुढे आलेले वजन मागच्या वजनाने सावरले जाते. उलट उभ्याने नेम धरताना पुढचे वजन नळी स्थिर ठेवायला मदत करते, आणि तेच बुलपपमध्ये कमी असते. साध्या रायफलीची सवय असलेल्यांना ती पुढे हलकी आणि मागे जड वाटते ती यामुळे.

मॅगझिन बदलणेही मागे गेले. साध्या रायफलीत मॅगझिन डोळ्यांसमोर असते. बुलपपमध्ये ते काखेशी येते, हात मागे वळवून आंधळेपणाने चाचपावे लागते. सरावाने हे जमते, पण जाड जॅकेट आणि समोर दारूगोळ्याचे खिसे असले की कोपराला जागा पुरत नाही. त्यातच दस्त्यात यंत्र भरलेले असल्याने तो सरकवून कमी-जास्त करता येत नाही. बुटक्या आणि उंच सैनिकाला, साध्या गणवेशात आणि चिलखती जॅकेटमध्ये, तीच ठरावीक लांबी.

मात्र एल-85 च्या सगळ्या बदनामीचे खापर मांडणीवर फोडणे अन्यायाचे ठरेल. 1991 च्या आखाती युद्धात वाळूने ती अडकू लागली. त्याआधी मॅगझिनचे बटण गणवेशाला घासून दाबले जाई आणि मॅगझिन खाली पडे. त्या बटणाभोवती पुढे कठडा बसवला गेला. हे दोष ढिसाळ घडणीचे होते. 2000 नंतर हेकलर अँड कॉक कंपनीने सुमारे दोन लाख रायफली दुरुस्त केल्या, त्यासाठी सुमारे 9.2 कोटी पौंड खर्च झाले. खटक्याचा आकार बदलला, कारण पुंगळी त्यावर आपटून परत आत येत असे. त्यानंतरची एल-85 ए-2 भरवशाची ठरली. पण डाव्या खांद्याची अडचण आणि काखेतले मॅगझिन तसेच राहिले, कारण तो कारागिरीचा दोष नव्हता.

गेल्या दशकात पारडे साध्या मांडणीकडे झुकले आहे. फ्रान्सने 2016 मध्ये फामासच्या जागी हेकलर अँड कॉकची एचके-416 निवडली. न्यूझीलंडने ऑग सोडली. चीनने 2019 च्या संचलनात क्यूबीझेड-95 या बुलपपची जागा घेणारी साध्या मांडणीची क्यूबीझेड-191 दाखवली. आखूड नळीतूनही चांगला परिणाम देणाऱ्या गोळ्या आल्या, सरकते दस्ते सर्रास झाले, आणि बुलपपने वाचवलेल्या त्या वितीचे मोल कमी झाले. भारतानेही पायदळाच्या मोठ्या खरेदीसाठी सिग-716 आणि एके-203 या साध्या मांडणीच्या रायफलीच घेतल्या. ऑस्ट्रेलियाने मात्र ऑगवरूनच बेतलेली ईएफ-88 ठेवली आहे, आणि भारतात टॅव्हर मुख्यतः कमांडो तुकड्यांपुरती उरली आहे. लांब नळी आणि कमी जागा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खरोखर हव्या असतील, तिथे बुलपपला आजही तोड नाही. बाकीच्या ठिकाणी तिच्या बदल्यात मोजावी लागणारी किंमत सैन्यांना आता परवडेनाशी झाली आहे.