दुधाच्या काट्यापासून ऑडिट प्रोग्रॅमपर्यंत

ऑडिट प्रोग्रॅम म्हणजे लेखापरीक्षकाने प्रत्यक्ष करायच्या कामांचा लेखी आराखडा. कोणता कागद घ्यायचा, तो कशाशी ताडून पाहायचा, किती नोंदी तपासायच्या आणि कशाला चूक म्हणायचे, हे त्यात ठरलेले असते. बँकेची कर्जे किंवा कारखान्याचा साठा यांसारख्या परिचित क्षेत्रांत जुने प्रोग्रॅम हाताशी असतात आणि थोड्या फेरफाराने चालूनही जातात. अनोळखी क्षेत्रात मात्र तयार यादी उचलली की हमखास फसगत होते. यादीतले प्रश्न दुसऱ्या कोणत्या तरी धंद्यातल्या धोक्यांसाठी लिहिलेले असतात. समोरच्या धंद्यातले पैसे भलत्याच वाटेने गळत असतात.

उदाहरण म्हणून एक डेअरी घेऊ. तिची गावोगावी स्वतःची दूध संकलन केंद्रे आहेत आणि अंतर्गत लेखापरीक्षकाला दूध संकलन तपासायला सांगितले आहे. त्याची सगळी उमेद हिशेबाच्या वह्यांत गेली आहे. फॅट आणि एसएनएफ हे शब्द त्याने ऐकले आहेत, एवढेच.

पहिले काम उद्दिष्ट लिहिण्याचे. ‘दूध संकलनाचे लेखापरीक्षण करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, तो नुसता विषय झाला. उद्दिष्ट असे लिहावे लागते, की शेवटी त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल. इथे दोन प्रश्न पुरतात. शेतकऱ्याने घातलेल्या दुधाचे माप आणि प्रत खरी नोंदली जाते का? आणि ज्याचे पैसे दिले ते दूध, तेवढ्याच फॅट आणि एसएनएफसह, शीतकरण केंद्रावर पोहोचते का? दुधाचा दर कसा ठरतो, पशुखाद्याची विक्री, टँकरची भाडी हे सगळे बाहेर ठेवले, तर तसे स्पष्ट लिहायला हवे. नाहीतर दहा दिवसांचे काम महिनाभर पसरते.

यानंतर लगेच धोके लिहायला बसण्याचा मोह होतो. तो आवरून आधी दुधाच्या एका कॅनसोबत चालत जावे. पहाटे केंद्रावर शेतकरी रांगेत येतात. दूध काट्यावर ओतले जाते, त्यातून छोटा नमुना काढून यंत्रात घातला जातो, यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवते, आणि दरपत्रकावरून किंमत ठरून पावती निघते. सगळ्यांचे दूध एकत्र होऊन शीतकरण केंद्रावर जाते, तिथे पुन्हा वजन आणि तपासणी होते, आणि दूध चार अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केले जाते. ही वाट चालताना केंद्रचालक, नमुना काढणारा मुलगा आणि टँकरचा चालक यांना एकच प्रश्न विचारावा: इथे गडबड करायची झाली तर कशी करतील? उत्तरे बहुधा दुसऱ्या केंद्राचे नाव घेऊन मिळतात, पण ती उपयोगी असतात.

याच फेरीत क्षेत्राची मोजमापे कळतात, आणि ती कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकण्यात अर्थ नाही. पहिली गोष्ट लिटर आणि किलोची. दूध पाण्यापेक्षा जड असते. १,००० लिटर दुधाचे वजन साधारण १,०३० किलो भरते. केंद्र लिटरमध्ये नोंदवत असेल आणि शीतकरण केंद्र किलोमध्ये, तर दोन्हीकडे १,००० हा आकडा जुळलेला दिसूनही सुमारे तीन टक्के दूध नाहीसे झालेले असते. दुसरी गोष्ट दरपत्रकाची. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीसाठी बोलला जातो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, दर कापला जातो. म्हणून या रेषेच्या आसपासची नोंद फिरवण्याचा मोह सगळ्यांत जास्त असतो.

आता धोके. धोका लिहिताना ‘गैरव्यवहाराची शक्यता’ असे मोघम वाक्य उपयोगाचे नाही. काय बिघडेल, कुणाच्या हातून आणि त्याचा परिणाम कुठे दिसेल, हे तिन्ही एका वाक्यात आले तरच त्यातून पुढची तपासणी निघते. आपल्या उदाहरणात असे तीन धोके महत्त्वाचे ठरतात. केंद्रचालक यंत्रातला आकडा बाजूला ठेवून हाताने फॅट भरेल आणि मर्जीतल्या उत्पादकाला जास्त पैसे जातील. वाटेत दूध काढून पाणी घातले जाईल. वजन जुळेल, पण घटक कमी पोहोचतील. तिसरा धोका नवख्याला सहसा सुचत नाही: केंद्रावर दूध कमी पडणार नाही, उलट वाढेल.

वह्यांत वाढलेला माणूस तूट शोधतो. दुधात वाढ शोधावी लागते. समजा, काटा १०० मिलिलिटरच्या टप्प्याने आकडा दाखवतो आणि वरचे दूध सोडून देतो. मग प्रत्येक मापामागे शेतकऱ्याचे सरासरी ५० मिलिलिटर दूध नोंदलेच जात नाही. दीडशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ आले तर ३०० मापे होतात आणि दिवसाला १५ लिटर दूध बेवारस उरते. त्यात नमुन्यांचे उरलेले दूध मिळवा. दुसरीकडे, सांडलवंड आणि भांड्यांना चिकटलेले दूध यांमुळे थोडी घट होतच असते. अशा वेळी एखादे केंद्र वर्षभर ‘घट नाही, वाढ नाही’ दाखवत असेल, तर तो कारभाराचा नीटनेटकेपणा समजू नये. उरलेले दूध कुणाच्या तरी नावावर चढत असावे, असा संशय तिथे घ्यायला हवा.

प्रत्येक धोक्यासमोर तो रोखण्यासाठी डेअरीने काय बसवले आहे, हे लिहायचे. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, यंत्र संगणकाला थेट जोडलेले आहे का, रोजचा घट-वाढ तक्ता कोण पाहतो? जिथे असा बंदोबस्त आहे, तिथे तो खरोखर चालतो का हे तपासायचे. जिथे नाहीच, तिथे त्याची चाचणी लिहून वेळ घालवू नये. थेट आकड्यांकडे जावे.

कार्यपद्धती इथून सुचू लागतात. पहिल्या धोक्यासाठी अनेक प्रोग्रॅममध्ये ‘फॅटच्या नोंदी तपासाव्यात’ एवढेच वाक्य सापडते. ते वाचून दोन माणसे दोन वेगळी कामे करतील. नीट लिहिलेली पायरी अशी असते: जास्त संकलनाची तीन केंद्रे निवडावीत, प्रत्येकाचे गेल्या तिमाहीतले दहा दिवस, दोन्ही वेळांसह, घ्यावेत, यंत्राच्या स्मृतीतले आकडे काढून पावतीवरच्या आकड्यांशी ओळीने ताडावेत, फरक आढळल्यास उत्पादकाचा क्रमांक, वेळ आणि रकमेचा परिणाम नोंदवावा, हाताने भरलेली प्रत्येक नोंद, तिला लेखी कारण नसेल तर, अपवाद धरावी. यंत्रात स्मृती नसेल तर दुसरी वाट आहे. महिन्याच्या सगळ्या फॅट-नोंदी चढत्या क्रमाने मांडाव्यात. खऱ्या दुधाच्या नोंदी पसरलेल्या असतात. बरोबर ३.५ आणि त्याच्या किंचित वर ढीग साचला असेल आणि ३.४ जवळ खड्डा पडला असेल, तर आकडे यंत्राने दिलेले नाहीत.

दुसऱ्या धोक्यासाठी घटकांचा ताळेबंद मांडावा लागतो. समजा, केंद्राने १,०३० किलो दूध ३.८ फॅट आणि ८.४ एसएनएफ सरासरीने घेतले. त्यात फॅट ३९.१४ किलो. शीतकरण केंद्रावर वजन तेच, १,०३० किलो, पण फॅट ३.५ लागली, म्हणजे ३६.०५ किलो. तीन किलोंहून जास्त फॅट गायब आहे. केवळ वजन पाहणाऱ्या प्रोग्रॅमला यातले काहीच दिसले नसते. आता एसएनएफकडे पाहायचे. तीही त्याच प्रमाणात उतरून ७.७ च्या आसपास आली असेल, तर सुमारे ८० किलो दूध काढून तेवढेच पाणी घातले गेले असावे. एसएनएफ ८.४ जवळच राहिली आणि फक्त फॅट उतरली, तर पाण्याचा संशय मागे पडतो. मग वरची साय काढली गेली, किंवा केंद्रावर फॅट फुगवून लिहिली, किंवा दूध न ढवळता नमुना घेतला, यांतले काहीतरी झाले असणार. म्हणून याच पायरीत पुढची शाखा लिहून ठेवावी: पहिल्या प्रकारात टँकरचे सील, वाटेतला वेळ आणि थांबे पाहावेत, दुसऱ्या प्रकारात आगाऊ न कळवता पहाटे जाऊन नमुना काढण्याची रीत पाहावी.

याच ठिकाणी मर्यादाही लिहायला हवी. रोजच्या यंत्रांच्या तपासणीत ०.१ फॅटचा फरक सहज पडतो. १,०३० किलोवर तो एक किलो फॅटचा होतो. एका दिवसाच्या एवढ्या तफावतीवर शेरा लिहिणे अन्यायाचे आहे. पण यंत्राची आपोआप होणारी चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि महिन्यात बरीचशी फिटते. तीस दिवस फरक एकाच बाजूला पडत असेल, तर एक तर यंत्राचे कॅलिब्रेशन बिघडले आहे किंवा माणसाचे. दोन्हींतला भेद करायला तेच दूध दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा तपासायला द्यावे आणि जोडनमुना प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने तपासून घ्यावा. गंधकाम्ल आणि ब्यूटिरोमीटर हे लेखापरीक्षकाचे काम नव्हे. त्यासाठी बाहेरचा रसायनतज्ज्ञ घ्यावा आणि त्याचे दिवस प्रोग्रॅममध्येच धरावेत.

वाढीव दुधाचा शोध माणसांच्या बाजूने घ्यावा लागतो. ज्यांच्या नावावरचे दूध रोज जवळजवळ सारखेच आहे, जे केवळ एका विशिष्ट केंद्रचालकाच्या पाळीतच दूध घालतात, किंवा जे भरपूर दूध घालूनही डेअरीकडून पशुखाद्याचे एक पोतेही नेत नाहीत, असे क्रमांक संगणकातून काढावेत. त्यांतल्या पंधरा-वीस जणांच्या गोठ्यावर जाऊन दुभती जनावरे मोजावीत. पशुखाद्य घरचे असू शकते, म्हणून ते एकटे लक्षण पुरावा ठरत नाही. रिकामा गोठा मात्र ठरतो. दिवाळीला मिळणारा दूध फरकही याच खात्यांवर चढत असल्याने नुकसानीच्या हिशेबात तो धरायचा राहू नये.

सगळ्या पायऱ्या झाल्यावर प्रोग्रॅम उलट्या बाजूने वाचावा. प्रत्येक पायरीवर बोट ठेवून ती कोणत्या धोक्यासाठी आहे हे विचारावे. उत्तर नसेल तर ती जुन्या यादीतून आलेली असते, काढून टाकावी. मग प्रत्येक धोक्यासमोर किमान एक पायरी आहे का ते पाहावे. शेतकऱ्याने घरीच पाणी घातले तर काय, हा धोका इथे उघडा राहतो. पण यंत्राने खरा आकडा दिला तर त्याचा भाव आपोआप उतरतो, म्हणून वेगळी पायरी न ठेवल्याचे कारण लिहून ठेवणे पुरेसे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी प्रोग्रॅमला विभागप्रमुखाची मंजुरी घ्यायची असते. अंतर्गत लेखापरीक्षणाच्या ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या जागतिक मानकांतही तशी अपेक्षा आहे, आणि नंतरचे बदलही त्याच वाटेने जातात. अनोळखी क्षेत्रात असे बदल होणारच. म्हणून एका केंद्रावर आधी सगळ्या पायऱ्या करून पाहाव्यात. तिथे यंत्राची स्मृती आठवड्यातच पुसली जाते असे कळले, तर तिमाहीचे दहा दिवस मागण्यात अर्थ उरत नाही. ती पायरी बदलून, कारण आणि तारीख घालून, बाकीच्या केंद्रांवर निघण्याआधी पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते.