बचत किती केली तर पुरे? सोलो मॉडेलचा सुवर्ण नियम

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "जेवढी बचत जास्त तेवढा देश श्रीमंत, मग सगळंच का वाचवू नये?" आज त्याचंच उत्तर बघू.

समजा, बोईसर-तारापूर हा एक वेगळा देश आहे. एमआयडीसीतले कारखाने हीच त्याची संपत्ती, आणि कामगारांची संख्या स्थिर. खारी हवा, त्यात केमिकल. म्हणून दरवर्षी १० टक्के यंत्रं झिजतात असं धरू. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत. एका कामगारामागे ४ लाखांची यंत्रं असली तर वर्षाला २ लाखांचं उत्पादन, २५ लाखांची असली तर ५ लाखांचं, ६४ लाखांची असली तर ८ लाखांचं. म्हणजे यंत्रं वाढतात, पण उत्पादन त्या वेगानं वाढत नाही.

आता बचत २० टक्के ठेवा. २ लाखांतले ४० हजार वाचले, आणि ४ लाखांच्या यंत्रांची झीजही ४० हजारच. गाडी तिथेच स्थिरावते. खायला-प्यायला उरतात १ लाख ६० हजार. बचत ५० टक्के केली तर गाडी २५ लाखांवर थांबते आणि हातात उरतात अडीच लाख. ८० टक्के केली तर उत्पादन ८ लाख, पण ६ लाख ४० हजार झीज भरण्यातच जातात. हातात पुन्हा १ लाख ६० हजारच!

मग अडीच लाखच सगळ्यात जास्त कशावरून? पंचविसाव्या लाखानं उत्पादन साधारण १०,१०० रुपयांनी वाढतं, झीज १०,००० रुपयांनी. सव्विसाव्या लाखानं उत्पादन वाढतं ९,९०० च रुपयांनी, झीज मात्र तेवढीच. तिथून पुढे यंत्र आपल्याला पोसत नाही, आपण यंत्राला पोसतो. हाच सुवर्ण नियम. एडमंड फेल्प्स यांनी तो १९६१ मध्ये मांडला. रॉबर्ट सोलो यांचं मॉडेल १९५६ चं.

पण खरी गोम वाटेत आहे. ८० वरून ५० वर आलात तर त्याच वर्षी खर्चाला ४ लाख मिळतात. पुढे ते कमी होत अडीच लाखांवर येतात, पण १ लाख ६० हजारांच्या खाली कधीच जात नाहीत. कुणाचंच नुकसान नाही. २० वरून ५० वर जायचं असेल तर? उत्पादन अजून २ लाखच आहे, त्यामुळे हातात उरतो फक्त १ लाख. आजचा कामगार पोटाला चिमटा घेणार आणि फळ बहुधा त्याची मुलं खाणार.

म्हणून सुवर्ण नियम शेवटचा मुक्काम सांगतो. तिकिटाचे पैसे कोणत्या पिढीनं भरायचे, ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. तुम्ही काय ठरवाल? कमेंटमध्ये सांगा.