मेन पंप किती किलोला सुरू होतो?

उंच इमारतीच्या जिन्यालगत जो जाड लाल पाइप तळघरापासून गच्चीपर्यंत जातो, तो वेट रायझर. त्यात पाणी कायम भरलेलं आणि दाबाखाली असतं. प्रत्येक मजल्यावर त्याला हायड्रंटचा व्हॉल्व्ह असतो. जवान वर पोचतो, होज जोडतो, व्हॉल्व्ह फिरवतो. तळघरात जाऊन बटण दाबायला त्या क्षणी कुणाला वेळ नसतो, म्हणून दाब कमी झाला की पंप आपोआप सुरू व्हावा अशी सोय केलेली असते. दाब किती उतरल्यावर पंपाने जागं व्हायचं, हे प्रेशर स्विचवर लावलेला आकडा ठरवतो. हा आकडा चुकीचा असेल, तर पंप उत्तम, पॅनेल नवं, टाकी भरलेली असूनही वरच्या मजल्यावर पाणी येत नाही.

पंपघरात साधारणपणे तीन पंप दिसतात. विजेवरचा मोठा मेन पंप, तो सुरू झाला नाही तर धावून येणारा तेवढ्याच क्षमतेचा डिझेल पंप, आणि या दोघांशेजारी छोटासा जॉकी पंप. जॉकीचं काम आग विझवण्याचं नाहीच. एवढ्या लांब पाइपात, इतक्या व्हॉल्व्हांमधून पाणी थोडं थोडं झिरपतंच. दिवसभरात दाब हळूहळू उतरतो. जॉकी नसेल, तर या थेंबथेंब गळतीसाठी प्रत्येक वेळी मिनिटाला 2280 लिटर ओतणारा मेन पंप धडधडत उठेल. काही दिवसांत वैतागून कुणीतरी त्याचा स्विच ‘ऑटो’वरून काढून टाकेल, आणि हे खरोखर घडतं. जॉकी सहसा मिनिटाला 180 लिटरचा असतो. गळती भरून काढायला तेवढा पुरतो, पण होज उघडला की पुरत नाही. तो मागे पडतो, दाब आणखी उतरतो आणि मेन पंपाला हाक जाते. म्हणूनच जॉकी मुद्दाम लहान ठेवतात. ‘थोडा मोठाच बसवा’ असा आग्रह इथे घातक ठरतो, कारण मोठा जॉकी होजचं पाणीही काही काळ सांभाळून नेईल आणि मेन पंपाला आगीची खबर उशिरा लागेल.

आता आकडे कसे काढतात ते एका इमारतीवर पाहू. वीस मजले, सर्वांत वरचा हायड्रंट जमिनीपासून 60 मीटरवर, आणि पंप तळघरात त्याखाली आणखी 4 मीटर. पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे 1 किलो दाब देतो (म्हणजे चौरस सेंटिमीटरला 1 किलो, पंपघरात सगळे नुसतं ‘किलो’च म्हणतात). तेव्हा 64 मीटरच्या स्तंभाचे 6.4 किलो. सर्वांत वरच्या हायड्रंटवर पाणी वाहत असताना निदान 3.5 किलो दाब मिळायला हवा. पाइपातल्या घर्षणासाठी 0.9 किलो धरू. बेरीज 10.8. म्हणून या इमारतीला 110 मीटर हेडचा, म्हणजे 11 किलो देणारा पंप लागेल. पाणी कुठेच जात नसताना असा पंप आणखी वर, समजा 13 किलोपर्यंत, दाब चढवतो.

या मर्यादेत मी आकडे असे लावीन. जॉकी 11.5 ला सुरू, 12.5 ला बंद. मेन पंप 10.5 ला सुरू. डिझेल पंप 9.5 ला. प्रत्येक पायरीत एक किलोचं अंतर, कारण साधे प्रेशर स्विच थोडे इकडेतिकडे होतात आणि अंतर फार कमी ठेवलं तर दोन पंप एकाच वेळी उठतात. जॉकी आपला आपण बंद होतो. मेन आणि डिझेल मात्र एकदा सुरू झाले की हातानेच बंद करायचे. आग चालू असताना जवानाने क्षणभर नोझल मिटलं आणि दाब चढला म्हणून पंप थांबता कामा नये. जॉकीचं हेडही 12.5 किलो गाठणारं असावं, नाहीतर तो बंदच होणार नाही आणि काही महिन्यांत जळेल.

आता चूक कुठे होते ते पाहा. पुष्कळ पंपघरांत मेन पंपाचा आकडा 4 किंवा 5 किलोवर लावलेला असतो. बहुधा तो दुसऱ्या, कमी उंचीच्या इमारतीतून आठवणीने आलेला असतो. आपल्या इमारतीत रायझर भरलेला असेपर्यंत तळघरातला दाब 6.4 च्या खाली उतरूच शकत नाही, कारण वरच्या पाण्याचं वजनच तेवढं आहे. विसाव्या मजल्यावर आग लागली आणि जॉकी काही कारणाने बंद असला, तर जवान व्हॉल्व्ह उघडेल, साठलेला दाब फुस्सकन निघून जाईल आणि काटा 6.4 वर थांबेल. 5 वर लावलेल्या मेन पंपाच्या लेखी सगळं ठीक आहे. वरती होज रिकामा. जॉकी चालू असला तरी त्याचं मिनिटाला 180 लिटर पाणी आगीपुढे अपुरंच, शिवाय काटा 6.4 च्या वरच राहणार.

हा दोष नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. चाचणी बहुतेकदा पंपघरातला ड्रेन किंवा तळमजल्याचा हायड्रंट उघडून होते. तिथे पाणी सोडलं की स्विचपाशी दाब कितीही खाली जाऊ शकतो. 5 गाठला की मेन पंप दणक्यात सुरू होतो, सगळ्यांचं समाधान होतं. पंप सुरू झाला की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. काटा कितीवर असताना सुरू झाला, हे पाहायला हवं.

त्यासाठी जॉकी बंद ठेवा, ड्रेन अगदी हळू उघडा आणि गेजवर नजर ठेवा. मेन पंप कोणत्या आकड्याला उठला ते लिहून घ्या. ड्रेन बंद करा. पंप चालूच राहिला पाहिजे. तो हाताने थांबवून ‘ऑफ’ करा, पुन्हा ड्रेन हळू उघडा आणि डिझेलचा आकडा लिहा. मग सगळे पंप ‘ऑटो’वर परत आणा, या शेवटच्या पायरीचा विसर पडलेली पंपघरंही आहेत. नंतर सर्वांत वरच्या हायड्रंटला होज व गेज जोडून, पाणी वाहत असताना 3.5 किलो मिळतात का ते पाहा.

खालच्या मजल्यांची अडचण उलटी असते. तिथे पंपाचा जवळजवळ सगळा दाब पोचतो, आणि 7 किलोच्या वर गेलेला होज हातात धरणं अवघड होतं. म्हणून तिथल्या हायड्रंटला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा चकती बसवतात.

जॉकी दर दोन-चार मिनिटांनी सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. पंपघरातून वर जाणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ मिटून पंपाकडच्या बाजूचा काटा पाहा. तो तरीही उतरला, तर दोष बहुधा नॉन रिटर्न व्हॉल्व्हचा, पाणी उलटं टाकीत जातं आहे. काटा स्थिर राहिला तर गळती वर, एखाद्या मजल्यावर. दोन्ही ठीक असतील तर एअर व्हेसलमधली हवा संपली आहे का ते तपासा.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस येईल तेव्हा सोसायटीतल्या कुणीतरी त्याच्याबरोबर पंपघरात उतरावं. जॉकी कितीला सुरू, कितीला बंद, मेन कितीला, डिझेल कितीला, हे चार आकडे पंपघराच्या भिंतीवर रंगवून घ्या. त्याशेजारी पंपापासून सर्वांत वरच्या हायड्रंटपर्यंतची मीटरमधली उंची दहाने भागून लिहा. मेन किंवा डिझेलचा आकडा त्याहून कमी निघाला, तर स्विच त्याच दिवशी बदलून लावून घ्या आणि तोवर दाखल्यावर सही करू नका.