ओठ आधी, आवाज मागून
ब्लूटूथ इअरफोनकडे आवाज पाठवताना फोन किंवा लॅपटॉप तो आधी आकसून घेतो. इअरफोन तो उलगडतो आणि खंड पडू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. यात साधारण 200 मिलिसेकंद सहज जातात आणि ओठ आधी हलताना दिसतात. विंडोज लॅपटॉपवर VLC मध्ये सिनेमा पाहत असाल, तर J दाबा. दर वेळी आवाज 50 मिलिसेकंद आधी सरकतो. चार वेळा दाबून बघा. टाळी वाजते ते दृश्य लावलं, की जुळणी लगेच कळते. जास्त सरकला तर K. गेममध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, कारण आवाज आधीपासून तयारच नसतो. तिथे इअरफोनच्या अ‍ॅपमधला ‘गेम मोड’ लावा. त्यात साठा कमी होतो, त्यामुळे गर्दीत आवाज तुटू शकतो.